चार हजार चौरस फुटांत 335 खुर्च्या

कार्यक्रमाचा आयोजक हॉल बघायला येतो, तेव्हा त्याच्या मनात एक आकडा आधीच ठरलेला असतो. पत्रिका त्या आकड्याने छापलेल्या असतात, कॅटररला तोच सांगितलेला असतो, पाहुण्यांनाही फोनवर तोच कळवलेला असतो. हॉल फक्त त्या आकड्याला 'हो' म्हणण्यापुरता उरलेला असतो. व्यवस्थापक 'नाही' म्हणाला की वाद सुरू होतो, आणि तो तोंडी मिटत नाही. म्हणून जाणता व्यवस्थापक पत्र लिहितो. त्यात भाडं आणि डिपॉझिट असतंच, पण खरा मजकूर असतो तो मापांचा.

नमुन्यादाखल असं एक पत्र घेऊ. हॉल जिल्ह्याच्या गावातला, भाड्याने मिळणारा, सपाट जमिनीचा, सुट्या खुर्च्यांचा. बांधीव नाट्यगृहात हा प्रश्न येत नाही, कारण तिथे खुर्च्या जमिनीला बोल्टने जखडलेल्या असतात आणि तिकिटावर रांग नि क्रमांक छापलेला असतो. सुट्या खुर्च्यांच्या हॉलमध्ये मात्र क्षमता हा दरवेळी नव्याने भांडायचा विषय असतो. इथल्या आयोजकाला एका दिवसाचं संगीत संमेलन करायचं आहे. हॉलच्या माहितीपत्रकावर लिहिलंय 80 फूट बाय 50 फूट, म्हणजे 4000 चौरस फूट. डेकोरेटरकडची बिनहाताची खुर्ची 18 इंच रुंद आणि 20 इंच खोल, म्हणजे अडीच चौरस फुटांची. भागाकार केला तर 1600 खुर्च्या होतात. आयोजक समंजस आहे, सोळाशे तो मागत नाही. “येण्याजाण्याला निम्मी जागा सोडू, आठशे तर कुठे जात नाहीत!” असं तो फोनवर म्हणतो.

व्यवस्थापकाच्या पत्रात उत्तर आहे 335.

आठशेचे 335 झालेले पाहून कुणालाही वाटेल की हा माणूस अडवणूक करतोय. पण पत्र शांतपणे वाचलं तर त्यात अडवणूक नाही, टेप आहे. पहिला परिच्छेद स्टेजचा. स्टेज हॉलच्या आतच आहे, 16 फूट खोल आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत रुंद. ते 4000 मध्ये धरलेलं आहे, पण त्यावर श्रोते बसत नाहीत. स्टेज वजा केलं की हॉलची लांबी 80 ची 64 फूट होते. स्टेजसमोर 10 फूट मोकळे हवेत. तिथे स्पीकर येतात, फोटोग्राफर गुडघ्यावर बसतात, सत्कारासाठी पायऱ्यांवरून माणसं चढतात-उतरतात. शिवाय पहिल्या रांगेतल्या माणसाला तबलजीचा चेहरा बघायला मान मागे टाकायला लागू नये, हेही त्यातच येतं. मागे 8 फूट मोकळे हवेत, कारण मुख्य दार तिथे उघडतं आणि साउंडवाल्याचा मिक्सरही तिथेच लागतो. आता उरले 46 फूट. हॉलच्या दोन्ही बाजूंना मधोमध एकेक दार आहे. या दोन दारांना जोडणारी आडवी वाट 4 फुटांची. शेवटी खुर्च्यांसाठी लांबीत राहतात 42 फूट: आडव्या वाटेच्या पुढे 21 आणि मागे 21.

रुंदीची गोष्ट जरा गमतीची आहे. माहितीपत्रकावरचे 50 फूट हे नकाशातले आहेत, वीट ते वीट. नंतर कधीतरी आवाज घुमू नये म्हणून दोन्ही भिंतींना लाकडी पॅनेलिंग झालं, त्यामागून एसीचे पाइप गेले आणि दोन्हीकडून नऊ-नऊ इंच जागा गेली. टेप धरला की 48 फूट 6 इंच भरतात. हे दीड फूट कुणाच्या डोळ्यांना दिसत नाहीत. ते किती महागात पडतात, ते पुढे कळतं.

आता वाटा. आयोजकाला मधोमध रुंद वाट हवी असते. त्याच वाटेने प्रमुख पाहुण्यांना वाजतगाजत स्टेजकडे न्यायचं असतं, फुलं उधळायची असतात आणि कॅमेरावाल्याला समोरून चित्रण करायचं असतं. व्यवस्थापक याला राजी नाही, आणि त्याचं कारण पटण्यासारखं आहे. मधली वाट ठेवली की स्टेजच्या अगदी समोरची, हॉलमधली सर्वांत चांगली पट्टी रिकामी राहते. शिवाय दोन्ही भिंतींकडच्या लोकांना वाट मिळावी म्हणून भिंतीलगत आणखी दोन वाटा सोडाव्या लागतात. म्हणजे वाटा तीन होतात. त्याऐवजी दोन वाटा आतल्या बाजूला घेतल्या, तर मध्ये एक मोठा गट आणि दोन्ही भिंतींना एकेक छोटा गट अशी मांडणी होते. वाट वाचते आणि समोरच्या जागाही हाती राहतात.

या गटांत किती खुर्च्या घालायच्या, याला मात्र नियम आहे आणि तो हॉलवाल्याच्या मर्जीचा नाही. राष्ट्रीय इमारत संहितेतला सभागृहांसाठीचा दंडक असा: दोन्ही टोकांना वाट असेल तर एका रांगेत 14 पेक्षा जास्त खुर्च्या नकोत, आणि एकाच टोकाला वाट असेल तर 7 पेक्षा जास्त नकोत. यामागचा हिशेब सरळ आहे. चौदांच्या रांगेत अगदी मधल्या माणसालाही सहा माणसं ओलांडली की वाट सापडते. भिंतीकडच्या सातांच्या रांगेत कोपऱ्यातल्या माणसालाही सहाच ओलांडावी लागतात. वीस-वीस खुर्च्यांची सलग रांग लावली, तर मधला माणूस कार्यक्रम संपेपर्यंत उठतच नाही. आणि उठावंच लागलं, तर अर्धी रांग उभी राहते.

आता आकडे जुळवून बघा. भिंतीकडे 7, मध्ये 14, पलीकडच्या भिंतीकडे 7, म्हणजे रांगेत 28 खुर्च्या. 18 इंचांच्या हिशेबाने त्यांना 42 फूट लागतात. वर चार-चार फुटांच्या दोन वाटा, म्हणजे 8 फूट. बेरीज बरोबर 50. नकाशा काढणाऱ्या आर्किटेक्टने हाच विचार केला असावा, इतकं ते चपखल बसतं. पण प्रत्यक्षात आहेत साडेअठ्ठेचाळीस. दोन्ही भिंतींकडची सातवी खुर्ची पॅनेलिंगने खाल्ली. सात चौदा सातच्या जागी सहा चौदा सहा, म्हणजे रांगेत 26. रांगा चौदा असतील, तर नऊ-नऊ इंचांच्या त्या पॅनेलिंगची किंमत 28 खुर्च्या.

रांगा चौदाच का, याचं उत्तर खुर्चीच्या खोलीत आहे. आयोजक खुर्चीची रुंदी मोजतो, पण खुर्चीपुढच्या गुडघ्यांची जागा मोजत नाही. पुढच्या खुर्चीची पाठ आणि मागच्या खुर्चीची पुढची कड यांत निदान 35 सेंटिमीटर, म्हणजे 14 इंच मोकळे हवेत. तेवढ्यातून माणूस आडवा होऊन जाऊ शकतो. 20 इंच खुर्ची आणि 14 इंच मोकळीक मिळून एका रांगेला 34 इंच लागतात. भारतीय मानक संस्थेचं सभागृहांच्या ध्वनिरचनेसाठीचं जुनं मानक, आयएस 2526, पाठीपासून पाठीपर्यंत किमान 85 सेंटिमीटर सांगतं. त्याचेही साडेतेहतीस इंच होतात. आडव्या वाटेच्या पुढे 21 फूट म्हणजे 252 इंच. भागिले 34 केलं की सात रांगा आणि वर 14 इंच. मागेही तेच. अर्ध्या रांगेवर कुणी बसत नाही, म्हणून ते उरलेले इंच आडव्या वाटेला मिळतात. एकूण चौदा रांगा, प्रत्येकी 26 खुर्च्या: 364.

इथे आयोजकाचा दुसरा फोन ठरलेला. “थोडं दाटीवाटीने लावू की! आपलीच माणसं आहेत.” रांगेतलं अंतर 34 वरून 28 इंचांवर आणलं, तर पुढे-मागे मिळून चार रांगा वाढतात, म्हणजे 104 खुर्च्या. कागदावर छान दिसतं. पण आता गुडघ्यांसमोर मोकळे उरले 8 इंच. बसलेल्या माणसाचे गुडघे पुढच्या पाठीला टेकतात, आत जाणाऱ्यासाठी सगळ्यांना उभं राहावं लागतं आणि उभं राहायलाही नीट जागा नसते. मग लोक काय करतात? खुर्ची मागे ढकलतात. मागचा त्याच्या मागे. तासाभरात रांगा वाकड्या होतात, शेवटच्या दोन रांगा दारात जाऊन पोचतात आणि आडवी वाट नाहीशी होते. सुट्या खुर्च्यांचा हा स्वभावच आहे, आणि नकाशावर तो कधी दिसत नाही. म्हणून पत्रात एक अट घातलेली आहे: डेकोरेटरने चार-चार खुर्च्या पायाशी एकमेकींना बांधाव्यात. एकटी खुर्ची सहज सरकते, बांधलेल्या चार सरकत नाहीत.

खुर्ची बदलली की सगळं गणित बदलतं. आयोजकाच्या ओळखीचा मंडपवाला हाताच्या प्लॅस्टिक खुर्च्या स्वस्तात द्यायला तयार आहे. ही खुर्ची बैठकीला अठराच इंच दिसते, पण हातांच्या बाहेरून मोजली तर 22 इंच भरते. माप बाहेरूनच घ्यायचं, कारण दोन खुर्च्यांचे हात एकमेकांत शिरत नाहीत. खोलीही 22 इंच, म्हणजे मोकळीक धरून रांगेला 36 इंच. रांगा चौदाच राहतात, पण दोन वाटा सोडून उरलेल्या साडेचाळीस फुटांत कागदावर 22 खुर्च्या बसतात आणि फक्त दोन इंच शिल्लक राहतात. एवढ्या ओढाताणीत एकही रांग सरळ लागत नाही, म्हणून व्यवस्थापक 21 धरतो. एकवीस गुणिले चौदा, 294. म्हणजे हॉल तोच, वाटा त्याच, रांगाही तितक्याच, आणि केवळ हात असलेली खुर्ची आणली म्हणून 70 माणसं कमी. संगीत संमेलन पाच-सहा तास चालणार असेल, तर हाताची खुर्ची श्रोत्याला सुखाची, हेही खरं. व्यवस्थापक त्यात पडत नाही. तो दोन्ही आकडे लिहून देतो आणि निवड आयोजकावर सोडतो.

364 चे 335 कसे झाले, ते सांगायचं राहिलं. पहिला घाला सोफ्यांचा. मान्यवरांना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवणं आपल्याकडे जवळपास अपमानात जमा आहे. मधल्या गटाच्या 21 फुटांत सहा फुटांचे तीन सोफे लागतात, त्यांवर नऊ जण बसतात. सोफा तीन फूट खोल, पुढे टीपॉय, त्यावर पाण्याच्या बाटल्या आणि हार. हे सगळं दोन रांगांची जागा घेतं. 28 खुर्च्या निघाल्या आणि 9 आसनं आली, म्हणजे 19 माणसं गेली. 345 उरले. दुसरा घाला कॅमेऱ्याच्या चौथऱ्याचा. सहा फूट लांबीरुंदीचा तो लाकडी प्लॅटफॉर्म मधल्या गटात उभा राहिला की दोन रांगांतल्या चार-चार खुर्च्या जातात: 337. त्याच्या मागच्यांना स्टेजऐवजी कॅमेरावाल्याची पाठ दिसते, ती वेगळीच. मग आडव्या वाटेच्या कडेला चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या दोघांसाठी जागा. त्यासाठी चार खुर्च्या काढाव्या लागतात आणि दोन माणसं येतात. झाले 335.

हा आकडा फार कंजूष आहे का? ताळा करायला वर सांगितलेलं आयएस 2526 च उपयोगी पडतं. स्टेज सोडून, पण वाटा धरून, माणशी 0.6 ते 0.9 चौरस मीटर जागा असावी, असं ते सांगतं. या हॉलमध्ये स्टेज सोडून सुमारे 3100 चौरस फूट, म्हणजे 288 चौरस मीटर आहेत. त्या मापाने 320 ते 480 माणसं येतात. व्यवस्थापकाचे 335 त्या पट्ट्यात, पण खालच्या टोकाकडे आहेत. सोफे आणि चौथरा नसता, तर तो थोडा वर सरकला असता. आयोजकाचे आठशे मात्र त्या पट्ट्याच्या आसपासही येत नाहीत.

“याच हॉलमध्ये मी आठशे माणूस बसलेलं पाहिलंय!” असं सांगणारे प्रत्येक गावात असतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. त्या काळी सतरंज्या होत्या. मांडी घालून, खेटून बसणाऱ्या माणसाला 34 इंचांची रांग लागत नाही, आणि उरलेली गर्दी भिंतीला टेकून, दारात, खिडकीत उभी असे. भारतीय बैठकीत आजही जास्त माणसं मावतात. फरक एवढाच की तिथेही वाटा आखून ठेवाव्या लागतात, नाहीतर रात्री उठलेल्या माणसाला बसलेल्यांच्या मांड्यांवरून चालावं लागतं.

पत्रातला सगळ्यात कडक परिच्छेद जादा खुर्च्यांचा आहे. कार्यक्रम रंगायला लागला, दारात माणसं उभी राहिली, की कुणीतरी स्वयंसेवकाला ओरडतो, “अरे, कडेने एक्स्ट्रा खुर्च्या टाक!” त्या खुर्च्या जातात वाटेतच, कारण दुसरीकडे जागा नसतेच. चार फुटांच्या वाटेत 18 इंचांची एक खुर्ची आली की अडीच फूट उरतात. त्यावरचा माणूस पाय बाजूला घेऊन बसला की दीड. ओळखायची खूण सोपी आहे: पाण्याचा ट्रे घेऊन जाणारा पोरगा समोरून येणाऱ्याला बघून थांबतो आणि तिरका होतो. तो थांबला, म्हणजे वाट संपली.

याची गंभीर बाजू दिल्लीच्या उपहार सिनेमागृहाने दाखवली. 13 जून 1997 रोजी दुपारच्या खेळाला, 'बॉर्डर' चालू असताना, तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या आगीचा धूर वर चढला आणि 59 माणसं गेली. बहुतेक गुदमरून, आणि बाल्कनीतली. पुढे न्यायालयात जे सिद्ध झालं, त्यात बाल्कनीच्या उजव्या बाजूची वाट जादा खुर्च्या बसवण्यासाठी बंद केलेली होती आणि त्या बाजूचं बाहेर पडायचं दार खाजगी बॉक्समुळे अडलेलं होतं, हेही होतं. त्या खुर्च्या ऐनवेळी टाकलेल्या सुट्या खुर्च्या नव्हत्या. कायमच्या बसवलेल्या होत्या आणि अनेक वर्षं तशाच होत्या.

म्हणूनच व्यवस्थापक शेवटी दारं मोजतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार सपाट वाटेवर माणशी साडेसहा मिलिमीटर रुंदी धरतात. बाजूचं दार 4 फुटांचं, म्हणजे 1219 मिलिमीटर. त्यातून 187 माणसं. दोन दारांतून 374. मागचं मुख्य दार 6 फुटांचं, त्यातून 281. एकूण साडेसहाशेच्या वर. मग कमतरता कुठे आहे? आग कुठे लागेल हे आपल्या हातात नसतं, म्हणून सर्वांत मोठं दार बंद झालंय असं समजून मोजायचं. मुख्य दार सोडलं की उरतात 374. श्रोते 335, शिवाय कलाकार, स्वयंसेवक, साउंडवाले आणि चहावाले मिळून तीस धरले तर 365. नऊचीच ढिलाई. आणि हेही दाराच्या दोन्ही झडपा उघडतात असं धरून. प्रत्यक्षात एसी वाया जाऊ नये किंवा फुकटे आत शिरू नयेत म्हणून एक झडप वरच्या कडीने बंद केलेली असते. एका बाजूची एक झडप बंद केली, की 374 चे 280 होतात. कार्यक्रमाआधी अर्धा तास सगळ्या कड्या हाताने उघडून बघाव्यात, असं पत्रात म्हटलंय, आणि ते काम वॉचमनवर न सोपवता आयोजक संस्थेच्या एका जबाबदार माणसाचं नाव त्यासाठी मागितलंय.

पाससाठी वेगळं वाक्य आहे. फुकट पासांचे कार्यक्रम असले की सगळेच येत नाहीत, म्हणून पाचशे पास छापायची आपल्याकडची रीत आहे. व्यवस्थापक त्यावर मत देत नाही, कारण लोक किती टक्के येतील हे हॉलच्या मापातून निघत नाही. तो एवढंच लिहितो की 335 भरल्यावर दार बंद होईल, आणि बाहेर उरलेल्यांना काय सांगायचं ते आयोजकांनी आधी ठरवावं. आवारात पडदा आणि दोन स्पीकर लावायचे असतील तर त्याचं वेगळं भाडं नाही, फक्त वायर दारातून न नेता खिडकीतून न्यावी.

पत्रासोबत एका पानावर मांडणीचा नकाशा जोडलेला आहे: वाटा रंगवलेल्या, दारं दाखवलेली, प्रत्येक गटात खुर्च्यांचा आकडा. हॉल ठरवताना हा कागद मागून घ्यायला हवा. नुसतं 'क्षमता पाचशे' असं तोंडी सांगणाऱ्याकडे तो बहुधा नसतो. आयोजकाने नकाशावर सही करून, डेकोरेटरच्या खुर्चीचं हातांसकट माप लिहून, कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी परत पाठवायचा आहे. माप वेगळं निघालं तर आकडा पुन्हा काढला जाईल. आणि ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त खुर्च्या आल्या, तर त्या टेम्पोतून उतरवून घेतल्या जाणार नाहीत.